यंत्र विकत घ्यावे की लीजवर? वाचणारा कर आजच्या रुपयांत मोजा

लघुउद्योजक वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. नवे यंत्र हवे असते. बँक कर्ज द्यायला तयार असते आणि त्याच वेळी लीज कंपनीचा माणूसही दारात उभा असतो. तो सांगतो, ‘लीजचे सगळे भाडे खर्चात जाते, त्यामुळे कर जास्त वाचतो.’ बँकेचा अधिकारी सांगतो, ‘विकत घ्या, पहिल्याच वर्षी भरपूर घसारा मिळेल.’ दोघेही खरेच बोलत असतात, म्हणून तर गोंधळ वाढतो.

कर दोन्ही वाटांनी वाचतो, हे आधी लक्षात घ्या. तुम्हाला पाहायचे आहे ते एवढेच की कर वजा केल्यावर तुमच्या खिशातून नक्की किती पैसे जातात आणि ते कधी जातात. या लेखात एकच उदाहरण घेऊन हा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. वही आणि साधे कॅल्क्युलेटर पुरेसे आहे.

आधी ठरवा: घसारा कोणाला मिळणार?

आयकरात यंत्राचा घसारा मालकाला मिळतो. त्यामुळे तुमच्यापुढचा कागद नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे पहिल्यांदा पाहा.

- कर्ज काढून खरेदी: यंत्र बँकेकडे तारण असले तरी मालक तुम्हीच असता. ‘कर्ज फिटेपर्यंत घसारा घेता येत नाही’ हा समज चुकीचा आहे. तुम्ही खिशातून फक्त मार्जिन भरले असले, तरी घसारा पूर्ण किमतीवर मिळतो. कर्जाचे व्याज हा वेगळा खर्च म्हणून वजा होतो. बँकेचे व्याज मात्र प्रत्यक्ष भरलेले असावे लागते.
- लीज: मालक लीज कंपनी असते, म्हणून घसाराही तीच घेते. तुम्हाला भाडे खर्चात टाकता येते. लीज देणारी कंपनीच मालक म्हणून घसाऱ्याला पात्र आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस कंपनीच्या प्रकरणात दिला होता. हिशेबाच्या वहीत लीजची नोंद कशी होते, यावर आयकरातला घसारा ठरत नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २००१ च्या परिपत्रकात सांगितले आहे.
- भाडे-खरेदी: शेवटचा हप्ता भरल्यावर यंत्र नाममात्र रकमेत तुमचे होणार असेल, तर कागदावर ‘लीज’ लिहिलेले असले तरी तो व्यवहार भाडे-खरेदीकडे झुकतो. अशा वेळी पूर्ण हप्ता खर्चात टाकणे महागात पडू शकते. करारातले मालकीचे कलम सही करण्याआधी सीएला दाखवा.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून मी इथे क्रमांक देत नाही, फक्त नियम सांगतो.

आपले उदाहरण

शिरोली औद्योगिक वसाहतीत दोन भावांची भागीदारी फर्म आहे, असे धरू. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर ते मशिनिंगचे जॉबवर्क करतात. त्यांना एक नवे व्हीएमसी यंत्र हवे आहे.

- यंत्राची किंमत ४० लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचे क्रेडिट पूर्ण मिळते, म्हणून हिशेब ४० लाखांवरच करायचा.
- फर्मचा कर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. फर्म दर वर्षी नफ्यात आहे आणि उत्पन्न १ कोटीच्या आत आहे, त्यामुळे अधिभार लागत नाही.
- बँकेचे कर्ज ११.५ टक्के व्याजाने मिळते.
- पाच वर्षांनी यंत्र १२ लाखांना विकले जाईल, असा भावांचा अंदाज आहे.
- लीजचा प्रस्ताव असा आहे: दर वर्षाच्या सुरुवातीला ८ लाख ४० हजार भाडे, पाच वर्षे. सोबत ४ लाख बिनव्याजी अनामत, ती शेवटी परत मिळेल. पाच वर्षांनी यंत्रही कंपनीला परत द्यायचे.

विमा, देखभाल आणि वीज दोन्ही वाटांनी फर्मलाच भरायची आहे. जो खर्च दोन्हीकडे सारखा आहे, तो तुलनेत धरायची गरज नाही.

पहिली पायरी: कोणत्या दराने मोजायचे?

आजचा एक रुपया आणि पाच वर्षांनंतरचा एक रुपया सारखे नसतात. पुढच्या वर्षांतली प्रत्येक रक्कम आजच्या किमतीत आणावी लागते आणि त्यासाठी एक दर लागतो.

लीज हा कर्जाला पर्याय आहे. म्हणून दर घ्यायचा तो कर्जाचाच, पण कर वजा करून. ११.५ टक्के व्याजातला ३१.२ टक्के भाग करबचतीने परत मिळतो. उरतात साधारण ७.९ टक्के. आपण सोयीसाठी ८ टक्के धरू.

या दराने एका रुपयाची आजची किंमत अशी येते: एका वर्षाने मिळणाऱ्या रुपयाची ९२.६ पैसे, दोन वर्षांनी ८५.७, तीन वर्षांनी ७९.४, चार वर्षांनी ७३.५ आणि पाच वर्षांनी ६८.१ पैसे.

इथे अनेक जण एक चूक करतात. खरेदीच्या बाजूला ते यंत्राची किंमत लिहितात, शिवाय कर्जाचे हप्ते लिहितात आणि व्याजावरची करबचतही वजा करतात. असे करू नका. कर वजा केलेल्या कर्जदरानेच आपण मोजत असल्याने कर्जाच्या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत ४० लाखांच्या आसपासच येते. म्हणून खरेदीच्या बाजूला आज ४० लाख गेले, एवढेच लिहा. व्याज आणि त्याची करबचत त्या दरात आधीच आलेली आहे.

दुसरी पायरी: खरेदीचा हिशेब

यंत्रसामग्रीवर साधारण घसारा दर वर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्के असतो. उत्पादन करणाऱ्या उद्योगाने नवे यंत्र घेतले, तर पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळतो. म्हणजे आपल्या फर्मला पहिल्या वर्षी ३५ टक्के घसारा मिळेल आणि पुढे दर वर्षी शिल्लक रकमेवर १५ टक्के. रकमा लाखांत आहेत:

| वर्ष | घसारा | वाचणारा कर | त्याची आजची किंमत |
|---|---|---|---|
| १ | १४.०० | ४.३७ | ४.०४ |
| २ | ३.९० | १.२२ | १.०४ |
| ३ | ३.३२ | १.०३ | ०.८२ |
| ४ | २.८२ | ०.८८ | ०.६५ |
| ५ | २.३९ | ०.७५ | ०.५१ |
| एकूण | २६.४३ | ८.२५ | ७.०६ |

पाच वर्षांनी कागदावर यंत्राची शिल्लक १३.५७ लाख राहते. यंत्र १२ लाखांना विकले, तर उरलेल्या १.५७ लाखांचे काय होते? आयकरात यंत्रांचा घसारा एकेका यंत्रावर मोजत नाहीत, तो सारख्या दराच्या यंत्रांच्या गटावर मिळतो. त्या गटालाच ब्लॉक म्हणतात. फर्मकडे त्या गटातली दुसरी यंत्रे असतील, तर विक्रीचे १२ लाख ब्लॉकमधून वजा होतात आणि राहिलेल्या १.५७ लाखांवर पुढेही १५ टक्क्यांनी घसारा मिळत राहतो. त्यातून वाचणाऱ्या कराची आजची किंमत सुमारे २२ हजार रुपये येते.

आता बेरीज-वजाबाकी करू:

- आज दिलेली किंमत: ४०.०० लाख
- वजा, घसाऱ्याने वाचलेला कर: ७.०६ लाख
- वजा, विक्रीच्या १२ लाखांची आजची किंमत: ८.१७ लाख
- वजा, ब्लॉकमधल्या शिल्लकीचा फायदा: ०.२२ लाख
- खरेदीचा निव्वळ खर्च: २४.५५ लाख

तिसरी पायरी: लीजचा हिशेब

भाडे वर्षाच्या सुरुवातीला जाते. त्यावरची करबचत वर्ष संपताना हाती येते. हे अंतर छोटे वाटते, पण पाच वर्षांत त्याची रक्कम लक्षात येण्याइतकी होते. म्हणून भाडे आणि करबचत वेगवेगळी मोजा.

- पाच आगाऊ भाड्यांची आजची किंमत: ३६.२२ लाख
- वजा, दर वर्षी वाचणाऱ्या २.६२ लाख कराची आजची किंमत: १०.४६ लाख
- अधिक, अनामत अडकल्याचा खर्च: १.२८ लाख
- लीजचा निव्वळ खर्च: २७.०४ लाख

अनामतीचा खर्च कुठून आला, तेही सांगतो. तुम्ही आज ४ लाख देता आणि पाच वर्षांनी तेच ४ लाख परत घेता. त्या परत मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत २.७२ लाख आहे. फरक १.२८ लाखांचा. ‘अनामत तर परतच मिळते’ म्हणून हा खर्च सोडून देणारे बरेच आहेत.

या प्रस्तावात विकत घेणे सुमारे अडीच लाखांनी स्वस्त पडते.

आता लीज कंपनीच्या माणसाचे वाक्य पुन्हा आठवा. लीजमध्ये पाच वर्षांत एकूण १३.१० लाख कर वाचतो आणि घसाऱ्याने ८.२५ लाख. त्याचे म्हणणे खरे आहे, लीजने कर जास्त वाचतो. पण तो जास्त वाचतो कारण तुम्ही पाच वर्षांत ४२ लाख भाडे देता आणि शेवटी तुमच्या हाती यंत्रही राहत नाही. नुसत्या वाचलेल्या कराची तुलना कधी करू नका. खर्च झालेला रुपया आणि वाचलेला कर एकाच ओळीत ठेवा.

अतिरिक्त घसाऱ्याचे खरे मोल

विकत घेण्याच्या बाजूनेही असाच एक मोह असतो. २० टक्के अतिरिक्त घसारा म्हणजे ८ लाख, आणि त्यावर पहिल्याच वर्षी अडीच लाख कर वाचतो. ऐकायला मोठी रक्कम आहे.

पण पहिल्या वर्षी जास्त घसारा घेतला की शिल्लक कमी होते आणि पुढच्या प्रत्येक वर्षीचा घसाराही कमी होतो. एकूण घसारा वाढत नाही, तो फक्त लवकर मिळतो. आपल्या उदाहरणात अतिरिक्त घसारा मिळालाच नाही असे धरले, तर खरेदीचा निव्वळ खर्च २४.५५ वरून २५.३५ लाख होतो. म्हणजे त्या अडीच लाखांचे आजचे खरे मोल सुमारे ८० हजार आहे. ते नाकारू नका, पण त्याच्यासाठी निर्णयही फिरवू नका.

हा लाभ कोणाला मिळत नाही, हेही तपासा:

- जुने, वापरलेले यंत्र घेतले असेल तर मिळत नाही.
- एकट्या मालकाचा व्यवसाय नव्या करप्रणालीत असेल तर मिळत नाही. तुम्ही वेगळा पर्याय निवडला नसेल, तर नवी प्रणालीच लागू असते.
- कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असेल तर मिळत नाही.

यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, तर पहिल्या वर्षी साधारण घसारा निम्माच, ७.५ टक्के मिळतो. अतिरिक्त घसाराही त्या वर्षी १० टक्के आणि उरलेला १० टक्के पुढच्या वर्षी. साधारण ३ ऑक्टोबरनंतर यंत्र सुरू झाले की हा नियम लागू होतो. आपल्या फर्मची पहिल्या वर्षीची करबचत ४.३७ लाखांवरून २.१८ लाखांवर येईल. इथे बिलाची तारीख पुरेशी नसते, यंत्र प्रत्यक्ष वापरात आलेले लागते. उभारणीचा अहवाल, पहिल्या जॉबचे चलन आणि लॉगबुक जपून ठेवा.

निर्णय खरोखर कशाने फिरतो?

१. पाच वर्षांनंतरची विक्री किंमत. सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि अंदाजाला सगळ्यात जास्त वावही इथेच असतो. आपल्या उदाहरणात यंत्र १२ लाखांऐवजी साधारण ७ लाख ४० हजारांना विकले गेले, तर लीज आणि खरेदी बरोबरीत येतात. त्याखाली भाव गेला तर लीज स्वस्त. म्हणून भावांनी स्वतःला विचारायचे ते असे: ‘पाच वर्षांनी या यंत्राला निदान साडेसात लाख देणारा माणूस मिळेल का?’ नेहमीच्या व्हीएमसीला जुन्या यंत्रांच्या बाजारात गिऱ्हाईक मिळते. एकाच ग्राहकाच्या एकाच भागासाठी बनवून घेतलेल्या खास यंत्राला बहुधा मिळत नाही. आजच्या बाजारात त्याच प्रकारचे पाच वर्षे जुने यंत्र किती रुपयांना जाते, हे दोन-तीन विक्रेत्यांकडून विचारून घ्या आणि हिशेबात त्याहून थोडी कमी रक्कम धरा.

२. भाड्याच्या तारखा. हेच ८ लाख ४० हजार दर महिन्याच्या सुरुवातीला ७० हजार असे द्यायचे ठरले, तर लीजचा खर्च साधारण सव्वा लाखाने कमी होतो. भाड्याचा एक रुपयाही न घटवता फरक निम्म्यावर येतो.

३. अनामत. वार्षिक आगाऊ भाड्याच्या या प्रस्तावात लीज खरेदीच्या बरोबरीला यायला भाडे सुमारे ७ लाख ५९ हजारांवर यावे लागेल. अनामत पूर्ण माफ झाली, तर ८ लाखांचे भाडेही बरोबरीचे ठरते. वाटाघाटीला बसताना हे दोन आकडे खिशात ठेवा. ‘भाडे कमी करा’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘अनामत सोडा आणि भाडे ८ लाख करा’ असे म्हणता येईल.

दोन्ही खर्चांतला फरक ५० हजारांच्या आत आला, तर हिशेब बरोबरीत सुटला असे समजा. विक्री किमतीचा अंदाज एका लाखाने चुकला तरी एवढा फरक पडतो. मग निर्णय पुढच्या गोष्टींवर घ्या: काम पाच वर्षे नक्की आहे का, बँकेची मर्यादा खेळत्या भांडवलासाठी मोकळी ठेवायची आहे का, यंत्र लवकर जुने होणारे आहे का.

तुमची करबचतच होत नसेल तर?

दोन प्रकारच्या वाचकांना वरचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

अनुमानित उत्पन्नावर कर भरणारे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल, किंवा रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असून उलाढाल ३ कोटींपर्यंत असेल, तर अनेक मालक आणि भागीदारी फर्म उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून मोकळे होतात. या पद्धतीत घसारा वेगळा मिळत नाही आणि लीजचे भाडे किंवा कर्जाचे व्याजही वेगळे वजा होत नाही. ‘लीज घ्या, कर वाचेल’ हे वाक्य अशा व्यावसायिकाला लागूच नाही.

तोट्यात असलेले. यांची करबचत आज नाही, झालीच तर पुढे कधीतरी. इथे एक फरक लक्षात ठेवा. घसाऱ्याची न वापरता राहिलेली वजावट पुढे कितीही वर्षे नेता येते. भाड्यामुळे वाढलेला व्यवसायाचा तोटा मात्र आठच वर्षे पुढे नेता येतो.

दोघांनीही करबचत शून्य धरावी आणि दर पूर्ण ११.५ टक्के घ्यावा. आपल्याच प्रस्तावात मग खरेदीचा खर्च ३३.०४ लाख आणि लीजचा ३५.८६ लाख येतो. ‘तोट्यातल्या धंद्याने लीजच घ्यावी’ असा सल्ला सरसकट दिला जातो. तो तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा लीज कंपनी स्वतःला मिळणाऱ्या घसाऱ्याचा काही भाग भाडे कमी करून तुम्हाला देते. या प्रस्तावात तिने तो दिलेला नाही, आणि आकड्यांतून ते दिसते.

जीएसटी आणि टीडीएस: इथे पाय घसरतो

- जीएसटीचा रोख भार. खरेदीत ७.२० लाख जीएसटी एकदम भरावा लागतो. लीजमध्ये तो भाड्याबरोबर येतो, वर्षाला सुमारे दीड लाख. ते ७.२० लाख सहा महिन्यांत हळूहळू वसूल झाले, तर अडकलेल्या पैशाचा खर्च २० हजारांच्या आसपास येतो. तुमची विक्री कमी असेल आणि क्रेडिट संपायला दोन वर्षे लागणार असतील, तर ही रक्कम बरीच वाढते. ती खरेदीच्या खर्चात मिळवा.
- क्रेडिट आणि घसारा दोन्ही नाही. यंत्राच्या किमतीत जीएसटी मिळवून त्यावर घसारा घेतला, तर त्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही.
- भाड्यावर टीडीएस. यंत्राच्या भाड्यावर २ टक्के टीडीएस कापावा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून महिन्याला ५० हजारांपर्यंतच्या भाड्याला सूट आहे. आपल्या उदाहरणातले भाडे त्याहून जास्त आहे. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल, तर तो सोडून उरलेल्या भाड्यावर कापा. टीडीएस राहून गेला, तर भाड्याचा ३० टक्के भाग त्या वर्षी खर्चात धरला जात नाही. ८ लाख ४० हजारांवर हा भाग अडीच लाखांहून मोठा होतो.
- रोख देऊ नका. यंत्राच्या किमतीपैकी एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांहून जास्त रोख दिलेली रक्कम घसाऱ्याच्या किमतीत धरली जात नाही.

लीजच्या करारात काय वाचावे?

1. यंत्र बंद पडले तर भाडे थांबते का? बहुतेक करारांत थांबत नाही. यंत्र दुरुस्तीला दोन महिने पडून राहिले तरी भाडे चालू राहते. कलम बदलत नसेल, तर निदान वॉरंटीचे कलम पक्के करून घ्या.
2. वॉरंटीची तक्रार कोण करणार? यंत्राचे बिल लीज कंपनीच्या नावावर असते. ‘उत्पादकाकडे थेट तक्रार करण्याचा अधिकार आम्हाला लेखी द्या’, अशी मागणी करा.
3. मुदतीआधी सोडता येते का? किमान मुदत आणि सोडण्याचा दंड रुपयांत लिहून मागा. उरलेली सगळी भाडी भरावी लागणार असतील, तर ‘हवे तेव्हा परत करा’ या आश्वासनाला अर्थ उरत नाही.
4. परत देताना काय अवस्था लागेल? यंत्र सोडवणे, क्रेन आणि वाहतूक कोणाकडे, आणि झिजेबद्दल किती कापणार, हे स्पष्ट हवे. अनामतीतून कपात नेमकी इथेच होते.
5. अनामत किती दिवसांत परत? दिवसांची संख्या आणि उशीर झाल्यास व्याज, दोन्ही लिहून घ्या.

कर्ज घेताना तुमचे हक्क

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना मुदत कर्ज देताना कर्जदात्याने महत्त्वाच्या अटींचे पत्रक द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. त्यात सगळे शुल्क धरून होणारा वार्षिक खर्चाचा दर दिलेला असतो. आपल्या हिशेबातला ११.५ टक्के हा आकडा जाहिरातीतून न घेता या पत्रकातून घ्या. प्रक्रिया शुल्क आणि इतर खर्च धरल्यावर तो बहुधा थोडा जास्त निघतो.

१ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून व्यापारी बँकांनी मुदतपूर्व फेडीचे शुल्क घ्यायचे नाही, असेही रिझर्व्ह बँकेने ठरवले आहे. काही छोट्या बँका आणि वित्त संस्थांसाठी कर्जरकमेची मर्यादा आहे, म्हणून तुमच्या कर्जदात्याला हे लेखी विचारा. दोन वर्षांत चांगले काम मिळाले तर कर्ज लवकर फेडून मोकळे होता येते. लीजमध्ये ही मोकळीक करारात लिहिलेली असेल तेवढीच असते.

सही करण्याआधी एका पानावर लिहा

- माझा खरा कर दर किती, आणि पुढची पाच वर्षे मी कर भरणार आहे का?
- कर्जाचा सर्व शुल्कांसह दर, आणि कर वजा केल्यावर तो किती होतो?
- यंत्र ३ ऑक्टोबरपर्यंत चालू होईल का? अतिरिक्त घसारा मला मिळतो का?
- पाच वर्षांनंतरची विक्री किंमत: अपेक्षित आणि वाईटात वाईट.
- भाडे किती, कोणत्या तारखेला, अनामत किती?
- खरेदीचा आणि लीजचा निव्वळ खर्च, आणि दोघांना बरोबरीत आणणारी विक्री किंमत.

हे पान घेऊन सीएकडे गेलात, तर चर्चा ‘लीज चांगली की खरेदी’ इथून सुरू होणार नाही. समोर एक आकडा असेल. आपल्या दोन भावांसाठी तो ७ लाख ४० हजार आहे, आणि पाच वर्षांनी तेवढ्यात यंत्र विकले जाईल का, हे शिरोलीत रोज जुन्या-नव्या यंत्रांचे भाव ऐकणाऱ्या त्या दोघांना कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त कळते.